प्याद्यांची शर्यत: मोजणीच्या या चुका टाळा

पटावर दोन राजे आणि दोन्ही बाजूंचे एकेक धावते प्यादे उरले की बहुतेक नवशिके खेळाडू बोटांवर मोजतात, "मला तीन चाली, त्याला चार" असे ठरवतात आणि प्यादे पुढे ढकलतात. आकडे बहुधा बरोबर असतात. चूक असते ती मोजणी कुठे थांबवली त्यात. ती आपला वजीर होताच थांबवून चालत नाही. प्रतिस्पर्ध्याचाही वजीर होतो का, तो झाल्यावर चाल कोणाची आणि त्या चालीला पटावर काय घडते, इथपर्यंत ती न्यावी लागते.

म्हणूनच मी नुसत्या आकड्यांची तुलना करू देत नाही. दोन्ही बाजूंच्या चाली जोडीने, घरांची नावे घेऊन म्हणाव्यात: ए-६, एच-४, ए-७, एच-३, ए-८, एच-२. वेळ थोडा जास्त जातो, पण चाल कोणाची आहे हे विसरायला होत नाही, आणि शेवटच्या क्षणी दोन्ही राजे नेमके कोणत्या घरांवर उभे असतील हे डोळ्यांसमोर येते. ज्यांना एवढ्याचाही कंटाळा येतो, त्यांचेच जिंकलेले डाव हातचे जाताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

नवा वजीर शह देतो का, हे न पाहणे

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा डाव या चुकीचा नमुना म्हणून मी अजूनही सर्वांना मांडून दाखवतो. पांढरा राजा डी-४ वर आणि प्यादे ए-५ वर. काळा राजा जी-६ वर आणि प्यादे एच-५ वर. चाल पांढऱ्याची. पांढऱ्याला वजीर करायला तीन चाली हव्यात, काळ्याला चार. लगेच ए-६ खेळले असते, तर एच-४, ए-७, एच-३, ए-८ वर वजीर, एच-२ असा क्रम झाला असता. ए-८ पासून एच-१ पर्यंतची मोठी कर्णरेषा मोकळी असल्यामुळे नव्या वजिराची नजर थेट एच-१ वर पडते. काळ्याने तिथे वजीर केला तर तो लगेच मारला जातो आणि नाही केला तर पांढरा वजीर एच-१ वर जाऊन प्याद्याची वाट बंद करतो. काळा राजा मदतीला येण्याइतका जवळ नाही, त्यामुळे डाव पांढऱ्याचा.

मुलाची मोजणी इथपर्यंत अचूक होती. मात्र हातात एक चाल शिल्लक आहे असे पाहून त्याने "राजा प्याद्याच्या जवळ असलेला बरा" या विचाराने राजा डी-५ वर नेला. काळ्याने एच-४ खेळले. मग ए-६, एच-३, ए-७, एच-२, ए-८ वर वजीर, आणि काळ्याचा एच-१ वर वजीर, तोही शह देत! डी-५ हे घर त्याच मोठ्या कर्णरेषेवर आहे. पांढऱ्या राजाने स्वतःच्याच वजिराची नजर अडवली आणि स्वतः काळ्या वजिराच्या माऱ्यात येऊन उभा राहिला. मध्ये घालायला काहीच नव्हते. राजा रेषेवरून बाजूला झाला आणि काळ्या वजिराने ए-८ वरचा वजीर फुकट घेतला.

या डावात आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे डी-५ ही चाल झाल्यावरही सारे संपलेले नव्हते. काळ्याच्या एच-४ नंतर राजा ई-४ वर आणला असता, तर तो काळ्या प्याद्याला गाठू शकत होता: एच-३, राजा एफ-३, एच-२, राजा जी-२. आणि काळा राजा ए-प्याद्यापासून फार दूर होता. पण मुलाने सुरुवातीला काढलेला आकडाच धरून ठेवला. बरोबरीच्या तीन-तीन चाली उरल्या असताना त्याने पुन्हा मोजायला हवे होते.

दुसरी गोष्ट काळ्या राजाच्या जागेची. तो जी-६ ऐवजी जी-८ वर असता, तर अगदी याच चुकीच्या क्रमातही पांढरा जिंकला असता, कारण ए-८ वरच्या नव्या वजिराने आठव्या आडव्या ओळीतून शह दिला असता. काळ्याला राजा हलवावा लागला असता आणि मिळालेल्या चालीत पांढऱ्याने आपला राजा डी-४ वर घेऊन कर्णरेषा मोकळी केली असती. राजा दोन घरे वर की खाली, एवढ्यावर निकाल उलटतो.

म्हणून शर्यत सुरू करण्यापूर्वी मी बढतीच्या घरावर बोट ठेवतो आणि तिथून आडवी ओळ, उभी ओळ आणि कर्णरेषा नजरेने चालून जातो. तिथे प्रतिस्पर्ध्याचा राजा आहे का? त्याच्या बढतीचे घर आहे का? वाटेत माझाच राजा आहे का? मग हेच त्याच्या बढतीच्या घरावरून माझ्या राजाकडे पाहत करतो. एच-८ आणि ए-१ ही घरेही अशीच एका कर्णरेषेने जोडलेली आहेत, हे लक्षात असू द्यावे.

चौकोनाच्या नियमावर आंधळा विश्वास

प्याद्यापासून बढतीच्या घरापर्यंतचा चौकोन मनात आखायचा आणि राजा त्यात शिरू शकला तर प्यादे सापडते, हा नियम चांगला आहे. पण तो फक्त एका प्याद्यासाठी आहे. दोन्ही बाजूंना प्यादी असली की राजाची एक तिरकी चाल दोन कामे करू शकते. रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली रचलेल्या प्रसिद्ध स्थितीत पांढरा राजा एच-८ वर आणि प्यादे सी-६ वर, तर काळा राजा ए-६ वर आणि प्यादे एच-५ वर आहे. पांढरा राजा चौकोनापासून दोन चाली मागे आहे, तरीही जी-७ पासून तिरका उतरत, काळ्या प्याद्याचा पाठलाग आणि स्वतःच्या प्याद्याला आधार अशी दोन्ही कामे एकदम करून तो डाव बरोबरीत सोडवतो.

छोट्या चुका

दुसऱ्या ओळीवरच्या पांढऱ्या प्याद्याला सहा चाली मोजू नयेत; पहिली उडी दोन घरांची असल्याने पाचच लागतात. आपला राजा आपल्याच प्याद्याच्या वाटेत उभा असेल, तर त्याला बाजूला करण्याची चाल मोजणीत धरावी. शर्यतीच्या मध्येच प्याद्याने शह बसत असेल, तर ती चाल प्रतिस्पर्ध्याच्या हिशेबातून गेली असे समजावे.

"माझा वजीर झाला, म्हणजे जिंकलो"

पांढऱ्याचा वजीर झाला आहे, काळ्याचे प्यादे बढतीपासून एकच घर दूर आहे आणि काळा राजा त्याला लागून उभा आहे, अशा वेळी प्यादे कोणत्या उभ्या ओळीत आहे ते पाहावे. बी, डी, ई किंवा जी ओळीत असेल, तर वजीर शहांनी काळ्या राजाला प्याद्याच्या पुढच्या घरात ढकलतो आणि दर वेळी मिळणाऱ्या मोकळ्या चालीत पांढरा राजा एकेक पाऊल जवळ येतो. ए किंवा एच ओळीत मात्र काळा राजा कोपऱ्यात शिरला की त्याला चालच उरत नाही आणि खेळ कोंडीने बरोबरीत सुटण्याच्या धाकाने पांढऱ्याला राजा जवळ आणायला उसंत मिळत नाही. सी किंवा एफ ओळीत कोंडी वेगळ्या रीतीने होते. काळे प्यादे एफ-२ वर, राजा जी-१ वर आणि वजिराचा जी-३ वरून शह असेल, तर राजा एच-१ वर जातो. वजिराने प्यादे घेतले की काळ्याला चाल नाही. पांढरा राजा आधीच जवळ असेल, तर या चारही ओळींत जिंकता येते. म्हणून शर्यतीपूर्वी मोजताना आपल्या राजाचे अंतरही त्याच मोजणीत धरावे लागते.