शर्टाची साइज निवडताना या चुका टाळा: ४० म्हणजे छाती नव्हे, गळा

भाच्याची बीकेसीत मुलाखत होती. आदल्या रात्री त्याने नवा शर्ट घातला आणि वरचं बटण काही केल्या लागेना. "मामा, छाती ३७ इंच भरली, म्हणून ३८ घेतला," तो म्हणाला. चूक तिथेच होती. बऱ्याच फॉर्मल शर्टांवरचा ३८, ३९, ४०, ४२ हा आकडा कॉलरचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये. छातीचे इंचही नेमके याच आकड्यांच्या आसपास येतात, म्हणून घोटाळा होतो. आकड्याशेजारी एकक छापलेलं नसेल, तर साइज चार्टमध्ये 'कॉलर'चा रकाना शोधा आणि आपला आकडा त्यातच पाहा.

त्यामुळे सुरुवात गळ्यापासून करा. कंठमण्याच्या खाली, जिथे कॉलरचं बटण टेकतं तिथून टेप फिरवा. बरेचजण कंठमण्यावरून किंवा त्याच्याही वरून माप घेतात. मग टेप तिरका बसतो आणि आकडा चुकतो. टेप आवळू नका, नुसता टेकवा, आणि आलेल्या मापात साधारण सव्वा सेंटिमीटर मिळवा. भाच्याचा गळा ३८.५ भरला. सव्वा मिळवल्यावर पावणेचाळीस, म्हणजे साइज ४०. ३८ची कॉलर त्याच्या उघड्या गळ्यापेक्षाही लहान होती. बरोबर कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जातात. सुती कॉलर पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडी आटते, म्हणून दुकानात जेमतेम लागलेली कॉलर घेऊ नये.

आता भाच्याला दुसरी शंका आली: "४० घेतला तर अंगात पोतं दिसेल." गळा आणि छाती यांचा मेळ बसवायचा तो कटने, साइज कमी करून नव्हे. छाती काखेखालून, सर्वांत भरलेल्या जागी मोजा. टेप पाठीवर घसरू देऊ नका, म्हणून मागे दुसऱ्या कुणाला तरी धरायला लावा. श्वास नेहमीसारखा ठेवा. आरशासमोर छाती फुगवून घेतलेलं माप शर्टाच्या कामाचं नसतं.

इथे आणखी एक फसगत होते. काही चार्ट अंगाचं माप देतात, काही तयार शर्टाचं. भाच्याची छाती ९४ सेंटिमीटर. त्याने पाहिलेल्या चार्टमध्ये शर्टाची मापं होती: ४० स्लिम १०४, ४० रेग्युलर ११२. अंग आणि शर्ट यांतला फरक म्हणजे लूज. अंगाबरोबर दिसणाऱ्या शर्टाला ८ ते १० सेंटिमीटर लूज पुरतं, रेग्युलरला १२ ते १८ पर्यंत असतं. १०४ वजा ९४ म्हणजे १०, तेव्हा ४० स्लिम घ्यायचा. पोट छातीपेक्षा पुढे असेल, तर मात्र हेच गणित पोटाच्या घेरावर करा आणि रेग्युलर घ्या. खुर्चीत बसल्यावर बटणांपासून दोन्ही बाजूंना तिरप्या सुरकुत्या फुटल्या, की शर्ट तिथे घट्ट आहे.

बाहीचं माप हात सरळ खाली सोडून घेतलं, तर कोपर वाकवताच कफ मनगटाच्या वर सरकतो. कोपर थोडा वाकवून खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत मोजा. भाच्याचं सरळ माप ६२ आलं, वाकवून ६४. एवढं मात्र पाहा, की चार्ट बाही कुठून मोजतो. आपल्याकडे बहुधा खांद्याच्या शिवणीपासून मोजतात, परदेशी चार्ट मानेच्या मागच्या मध्यापासून. त्या पद्धतीने भाच्याचं माप ८६ येतं. ६४ची बाही हवी असताना ८६ दिसलं तर घाबरू नका, मोजणीची सुरुवात वेगळी आहे.

टेपने नेमका पकडता येत नाही तो खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेची गोलाई. खांद्यासाठी अंगाला नीट बसणारा जुना शर्ट पलंगावर पसरा, बटणं लावा आणि एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत मोजा. हे माप चार्टशी जुळवा. शिवण दंडावर उतरत असेल तर तो शर्ट सोडून द्या. बाही आखूड करता येते, बाजूची शिवणही आत घेता येते, पण खांदा दुरुस्त करायला बाही उसवावी लागते.

आणि ट्रायल रूममध्ये नुसते उभे राहू नका. शर्ट पँटमध्ये खोचा आणि लोकलचा हँडल धरल्यासारखा एक हात वर करा. थोडा शर्ट वर येणारच. पण अख्खी बाजू पँटीतून बाहेर आली, तर मुंढा फार खाली कापलेला आहे. रोज दादर ते कुर्ला उभ्याने जाणाऱ्याला तो शर्ट ऑफिसच्या दारात पुन्हा खोचावा लागेल, मग गळा कितीही बरोबर असो.