एस्टरचे जलापघटन : साबणीकरणात होणाऱ्या या चुका टाळा

फोंड्यात मी बारावीच्या आणि बी.एस्‌सी.च्या मुलांची प्रात्यक्षिके घेतो. एका जुलैत एका विद्यार्थ्याने एथिल बेन्झोएटचे 3 ग्रॅम गोलबुडाच्या चंबूत घेऊन त्यात 2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे फक्त 2 मिलिलिटर द्रावण व थोडे पाणी घातले आणि संघनक लावून तासभर उकळले. तेलकट थर तसाच राहिला आणि एस्टरचा वासही गेला नाही. अल्कली इतकी कमी का घेतली, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘सर, उत्प्रेरक आहे ना तो?’’

सर्वात मोठी चूक हीच आहे. आम्लाच्या उपस्थितीत होणाऱ्या जलापघटनात हायड्रोजन आयन शेवटी परत मिळतो, म्हणून थोडे आम्ल पुरते. पण अल्कलीने होणाऱ्या जलापघटनात, म्हणजे साबणीकरणात, प्रत्येक एस्टर रेणूमागे एक हायड्रॉक्साइड कायमचा खर्च होतो. 3 ग्रॅम एथिल बेन्झोएट म्हणजे 0.02 मोल आणि 2 मिलिलिटर द्रावणात अल्कली 0.004 मोल, म्हणजे अभिक्रिया पाचव्या हिश्श्यावरच थांबणार. 2.44 ग्रॅमऐवजी बेन्झोइक आम्ल जेमतेम अर्धा ग्रॅम मिळेल. नेमके 10 मिलिलिटर लागतात. मी 20 घ्यायला सांगतो, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या वड्या तोलता तोलता ओल्या होतात आणि तराजूवर दिसणाऱ्या वजनात पाणीही मोजले जाते. द्रावणाची तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने अनुमापन करून ताडून घेतलेली बरी. तेलाचा थर नाहीसा झाला, की अभिक्रिया संपत आल्याचे समजावे.

दुसरी चूक कारणमीमांसेत होते. आम्लातील अभिक्रिया दुतर्फी असते, कारण तेथे तयार होणारे आम्ल आणि अल्कोहोल पुन्हा जुळू शकतात. पाणी भरपूर घेतले तरच समतोल जलापघटनाकडे झुकतो. साबणीकरण मात्र एकतर्फी असते. याचे कारण म्हणून अनेक मुले ‘‘हायड्रॉक्साइडचा हल्ला परत फिरत नाही’’ असे लिहितात, आणि ते चूक आहे. हल्ला परत फिरू शकतो. शेवटी सुटणारा एथॉक्साइड शेजारच्या बेन्झोइक आम्लाचा प्रोटॉन ताबडतोब ओढून घेतो, ही पायरी मात्र परत फिरत नाही. बेन्झोइक आम्लाचा pKa सुमारे 4.2 आणि एथॅनॉलचा सुमारे 16 असल्याने हा प्रोटॉन-बदल जवळजवळ 10¹² पट पुढे झुकलेला असतो. उरणाऱ्या बेन्झोएट आयनाचा ऋणभार दोन ऑक्सिजनांवर विभागलेला असल्याने त्याच्या कार्बनवर अल्कोहोल सहसा हल्ला करत नाही. प्रयोगाच्या अखेरीस हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर एस्टर परत बनेल, ही भीतीही अनाठायी आहे. थंड, विरल द्रावणात ते फारच संथ असते आणि पांढरे बेन्झोइक आम्ल खाली बसून जाते. ते नीट वाळवा, नाहीतर दमट हवेत उत्पन्न शंभर टक्क्यांच्या वर जाते आणि विद्यार्थी उगाच खूश होतो.

हल्ला खरोखर परत फिरतो हे कशावरून? येथे ऑक्सिजन-18 या समस्थानिकाचा पुरावा लागतो, आणि दोन वेगळे प्रयोग एकमेकांत मिसळणे ही तिसरी चूक. 1934 मध्ये पोलानी आणि साबो यांनी ऑक्सिजन-18 असलेल्या पाण्यात पेंटिल अॅसिटेटचे अल्कलीने जलापघटन केले. मिळालेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन नव्हता. म्हणजे अल्कोहोलने स्वतःचाच ऑक्सिजन राखला आणि बंध तुटला तो कार्बोनिल कार्बन व त्या ऑक्सिजनामधला. हायड्रॉक्साइड अल्किल कार्बनवर हल्ला करतो, असे चित्र यामुळे बाद झाले. मात्र अभिक्रिया एका दमात होते की मध्यस्थ संयुगातून, हे त्यातून कळत नाही.

ते 1951 मध्ये बेंडर यांनी दाखवले. त्यांनी कार्बोनिल ऑक्सिजनच जड असलेले बेन्झोएट एस्टर घेतले, जलापघटन अर्ध्यावर थांबवले आणि न बदललेला एस्टर परत मिळवून तपासला. त्यातला जड ऑक्सिजन काही अंशी कमी झाला होता. हल्ल्यानंतर चार एकेरी बंधांचा कार्बन असलेले मध्यस्थ बनते, प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर जातो आणि मग जड ऑक्सिजनच हायड्रॉक्साइड होऊन सुटतो. मागे साधा एस्टर उरतो. एका दमात होणाऱ्या अभिक्रियेत ही अदलाबदल शक्यच नव्हती.

मात्र उलटा निष्कर्ष काढू नये. अदलाबदल दिसली नाही, तर मध्यस्थ नव्हतेच असे ठरत नाही. सुटणारा गट फार चांगला असेल, तर मध्यस्थ मागे फिरायच्या आधीच पुढे मोडते. तसेच, तृतीयक ब्युटिल एस्टर आम्लात वेगळ्याच वाटेने जातो: तेथे अल्किल कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला बंध तुटून कार्बोकॅटायन बनतो आणि पाण्यातला जड ऑक्सिजन अल्कोहोलमध्ये जातो. म्हणून समस्थानिकाचा प्रश्न आला, की एस्टर कोणता आणि माध्यम आम्ल की अल्कली, हे आधी वाचून मगच बाण काढावेत.