वाळलेल्या शाईने जाम झालेला पेन उघडताना

विदर्भातल्या उन्हाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या शाईपेनची शाई आट्यांतच वाळते आणि निब बसवलेला पुढचा भाग काही केल्या फिरत नाही. पक्कड लावू नका, तडा जातो. बाबांचा प्लास्टिकचा पेन मी निब खाली करून पेल्यात उभा ठेवला; कोमट पाणी जोडाच्या बोटभर वर. हाताला सोसेल इतकंच, उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकतं. पाणी निळं झालं की बदलत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडातून निळी रेघ सुटू लागली, म्हणजे आटे सुटत होते. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून डावीकडे हळूच पिळलं. अडलं, तर पुन्हा भिजत घाला. एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा पेन मात्र असा रात्रभर ठेवू नका, काळा रंग तपकिरी पडतो.