पानाच्या फोटोतून अंगठा आणि टेबल कापताना

जुन्या पुस्तकाचं पान अंगठ्यानं दाबून फोटो काढला की टेबल, अंगठा आणि तिरकं पान असं तिन्ही एकत्र येतं. स्कॅनर अ‍ॅप इथे अनेकदा फसतं, कारण अंगठ्यामुळे कागदाची कड तुटते आणि ते अंगठ्याचीच कड पानाची समजतं. म्हणून फोटोशॉपमध्ये हातानं कोपरे लावणं बरं. `Crop Tool` वर दाबून धरलं की खाली `Perspective Crop Tool` दिसतं.

नवशिके कागदाच्या चार कोपऱ्यांवर क्लिक करतात. मग टेबल जातं, पण अंगठा तसाच राहतो, कारण तो कागदाच्या आत असतो. अशा वेळी कागद सोडा आणि छापील मजकुराचा चौकोन धरा. समजा मजकूर 10.5 सेंमी रुंद व 17 सेंमी उंच आहे, बाहेरचा समास 2 सेंमी आहे आणि अंगठा त्यात 1.2 सेंमी आत आलाय. म्हणजे अक्षरांपासून अंगठ्यापर्यंत 8 मिमी मोकळे आहेत. चारही बाजूंनी 5 मिमी समास ठेवला तर 11.5 × 18 सेंमीचा तुकडा मिळतो आणि अंगठा पूर्ण बाहेर राहतो.

वरच्या पट्टीत `W` मध्ये `11.5 cm`, `H` मध्ये `18 cm` आणि `Resolution` मध्ये 300 पिक्सेल प्रति इंच भरा. हे रकाने रिकामे ठेवले तर प्रमाण फोटोशॉप स्वतः ठरवतं आणि पान ताणलं जाऊ शकतं. मागच्या कामाचे आकडे राहिले असतील तरी तेच होतं, म्हणून आधी `Clear` दाबा. ताण ओळखायला ‘ठ’ पाहा. त्याचा गोल अंडाकृती झाला असेल तर मापं चुकलीत.

आता `Show Grid` चालू करा. कोपऱ्यासाठी परिच्छेदाची पहिली ओळ घेऊ नका, ती आत सरकलेली असते. शेवटचीही नको, ती बहुधा अर्धीच असते. पूर्ण भरलेल्या ओळींची टोकं धरून चौकोन आखा. देवनागरीत शिरोरेषा हीच पट्टी: जाळीच्या आडव्या रेषा वरच्या आणि खालच्या, दोन्ही ओळींच्या शिरोरेषांशी समांतर होईपर्यंत कोपरे हलवा. मग बाजूंच्या मधल्या मुठी ओढून समासापुरता चौकोन वाढवा आणि एंटर दाबा. बाहेरचे पिक्सेल कायमचे जातात, त्यामुळे हे काम नेहमी प्रतीवरच करा.

वरची-खालची शिरोरेषा सरळ आणि मधल्या ओळी कमानीसारख्या दिसल्या, तर दोष कोपऱ्यांचा नाही. बांधणीजवळ पान फुगलेलं असतं, आणि हे साधन फक्त सपाट पृष्ठभागाचा तिरकेपणा काढतं. पान काचेखाली दाबून फोटो पुन्हा घ्या. अंगठा अक्षरांवर आला असेल तरीही तेच करा. क्लोन स्टॅम्पनं अक्षर रंगवून काढलं तर वाचणाऱ्याला ते मूळचंच वाटेल.