पहिला हप्ता सहा वर्षांनी मिळणार असेल, तर आज त्याची किंमत किती?

समजा, आजपासून बरोबर 6 वर्षांनी तुम्हाला 10,000 मिळायला सुरुवात होईल आणि मग दर वर्षी तेवढेच, असे एकूण 10 हप्ते मिळतील. व्याजदर वार्षिक 8 टक्के धरू. या सगळ्याची आजची किंमत काढायची आहे. अशा उशिरा सुरू होणाऱ्या हप्त्यांच्या मालिकेला विलंबित ॲन्युइटी म्हणतात. हप्ते कधीच संपणार नसतील तर ती विलंबित पर्पेच्युइटी.

आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर 0 पासून 15 पर्यंत खुणा करा. 0 म्हणजे आज. पहिला हप्ता 6 या खुणेवर लिहा, शेवटचा 15 वर. ही पायरी बालिश वाटते म्हणून अनेक जण ती गाळतात, पण या गणितातली बहुतेक चूक हप्ते मोजण्यातच होते, गुणाकार-भागाकारात नाही.

आता 10 हप्त्यांची एकत्रित किंमत काढू. ॲन्युइटीचे नेहमीचे सूत्र असे आहे:

```
PV = C × [1 − (1 + r)^(−n)] / r
```

इथे C म्हणजे हप्ता, r म्हणजे दर आणि n म्हणजे हप्त्यांची संख्या. 8 टक्के दराने 10 हप्त्यांसाठी कंसासकट येणारा गुणक 6.7101 आहे, म्हणून उत्तर सुमारे 67,101.

पण ही किंमत कोणत्या दिवसाची? सगळी मेख इथे आहे. हे सूत्र पहिला हप्ता एक वर्षानंतर मिळतो असे गृहीत धरते, म्हणून ते नेहमी पहिल्या हप्त्याच्या एक वर्ष आधीची किंमत सांगते. आपला पहिला हप्ता 6 वर आहे, तेव्हा 67,101 ही रक्कम 5 या खुणेवर उभी आहे. तिथून आजपर्यंत यायला 5 वर्षे मागे यायचे, 6 नाही. 1.08 चा पाचवा घात 1.4693 होतो. 67,101 ला त्याने भागले की 45,668 मिळतात. हीच आजची किंमत.

कोणी 6 वर्षे मागे आले तर उत्तर 42,285 येते, म्हणजे जवळपास 3,400 कमी. दोन्ही आकडे दिसायला सारखेच पटण्याजोगे आहेत, त्यामुळे चूक नजरेत भरत नाही. म्हणून पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा: हप्ते पहिल्या वर्षापासूनच मिळतात असे समजून 15 हप्त्यांचा गुणक घ्या (8.5595) आणि जे मिळणारच नाहीत त्या पहिल्या 5 हप्त्यांचा गुणक (3.9927) त्यातून वजा करा. उरतात 4.5668. त्याला 10,000 ने गुणले की पुन्हा 45,668. दोन वाटा एकाच ठिकाणी आल्या नाहीत, तर हप्ते मोजण्यात कुठेतरी एक वर्ष निसटले आहे.

स्प्रेडशीटमध्ये हेच असे लिहिता येते:

```
=PV(8%,10,-10000)/1.08^5
```

करारातली भाषा मात्र नीट वाचा. ‘सहाव्या वर्षाच्या अखेरीस’ म्हणजे 6 ची खूण, पण ‘सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला’ म्हणजे 5 ची. दुसऱ्या अर्थाने हप्ता वर्षभर आधी येतो, मागे यायची वर्षे 4 होतात आणि किंमत 49,321 वर जाते.

पर्पेच्युइटीत काम आणखी सोपे आहे. न संपणाऱ्या हप्त्यांची किंमत म्हणजे हप्ता भागिले दर: 10,000 भागिले 0.08, म्हणजे 1,25,000. हीसुद्धा पहिल्या हप्त्याच्या एक वर्ष आधीची, म्हणून पुन्हा 1.4693 ने भागा. उत्तर 85,073. मला यात नेहमी नवल वाटते ते हे, की अनंत हप्त्यांच्या या किमतीतले निम्म्याहून जास्त, 45,668, पहिल्या 10 हप्त्यांनीच भरले आहेत. सोळाव्या वर्षापासून पुढचे सगळे मिळून उरलेले 39,405 देतात.

म्हणून पर्पेच्युइटीची किंमत कधीही एकाच दराने काढून थांबू नये. दर 8 ऐवजी 7 टक्के केला, तर आपली ॲन्युइटी 45,668 वरून 50,077 वर जाते, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. पर्पेच्युइटी मात्र 85,073 वरून 1,01,855 वर पोहोचते, जवळपास वीस टक्के. कारण दूरच्या हप्त्यांना घटलेल्या दराचा फायदा प्रत्येक वर्षागणिक मिळत जातो, आणि पर्पेच्युइटीत दूरचे हप्ते संपतच नाहीत. दर एका टक्क्याने वर-खाली करून तिन्ही उत्तरे शेजारी मांडली, की तुमचा आकडा दराच्या अंदाजावर किती टेकलेला आहे ते लगेच दिसते.