घरात कुणी गेलं आणि सबमिशन तोंडावर: सरांना मेल लिहिताना या चुका टाळा

अशा प्रसंगी मुलं जे पाठवतात तो बहुतेक वेळा शाळेतला रजेचा अर्ज असतो. ‘आजोबांचे निधन झाल्यामुळे मी काही दिवस कॉलेजला येऊ शकणार नाही, कृपया रजा मंजूर करावी.’ सर हळहळतात, ‘काळजी घे’ असं उत्तरही देतात आणि मेल तिथेच संपतो. सबमिशनची तारीख मात्र जागची हलत नाही, कारण मुदत वाढवून मागितलेलीच नसते. हजेरीचा विषय क्लास टीचरकडे असतो, असाइनमेंट विषय शिकवणाऱ्याकडे. दोघांना वेगळे मेल करा. सगळ्या विषयांच्या शिक्षकांना मिळून एकच मेल टाकला तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल.

दुसरी चूक तारखेची. काही जण ‘थोडी मुदत द्यावी’ एवढंच लिहितात. काही जण संकोचून दोनच दिवस मागतात आणि मग दहाव्याच्या गडबडीत पुन्हा मेल करायची वेळ येते. दुसऱ्यांदा मागणं जास्त अवघड जातं. त्यापेक्षा आधीच हिशेब करा. समजा, पुण्यात शिकणाऱ्या मुलीचे आजोबा लातूरकडच्या गावी ४ फेब्रुवारीला गेले. तो दिवस धरून दहावा १३ला, तेरावा १६ला. ती १७ला पुण्यात पोचेल. राहिलेलं काम तीन दिवसांचं आहे, म्हणजे मागायची तारीख २०. तुमच्याकडे तीन दिवसांतच सगळं आटोपत असेल तर हिशेब तसा करा, पण तारीख लिहा.

तिचा मेल असा असू शकतो:

विषय: मुदतवाढीची विनंती – डीबीएमएस मिनी प्रोजेक्ट, एसई कॉम्प्युटर बी, रोल नं. ४७

नमस्कार सर,
माझ्या आजोबांचे ४ फेब्रुवारीला निधन झाले. मी गावी आहे, विधी १६ तारखेपर्यंत आहेत आणि १७ला पुण्यात परत येईन. १० तारखेला जमा करायच्या मिनी प्रोजेक्टसाठी २० फेब्रुवारी, संध्याकाळी ५ पर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. ईआर डायग्राम आणि टेबल्स तयार आहेत, ते सोबत जोडले आहेत. क्वेरी आणि रिपोर्ट बाकी आहे. मार्क भरायची शेवटची तारीख २०च्या आधी असेल तर कृपया कळवावे, त्याप्रमाणे आधी देण्याचा प्रयत्न करेन.

(खाली नाव आणि फोन नंबर.)

यातलं शेवटचं वाक्य मुलांना सुचत नाही, पण सरांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. स्वतः दिलेली तारीख ते पुढे ढकलू शकतात, टर्म वर्कचे मार्क पोर्टलवर भरायची मुदत त्यांच्या हातात नसते. ती आड येत असेल तर विभागप्रमुखांकडे जावं लागतं, आणि तसं ते तुम्हाला वेळेत सांगू शकतात. आजारपणाची हकिकत, हॉस्पिटलचं बिल, शेवटची रात्र हे मात्र मेलमध्ये नको.

पुराव्याची घाई करू नका. अंत्यविधीचे फोटो तर कृपा करून कुणी जोडू नयेत. ते उघडावे लागणाऱ्या माणसाचाही विचार करा. मृत्यूची नोंद करायला कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला चौथ्या दिवशी हातात नसणं यात वावगं काही नाही. कॉलेज मागत असेल तर ‘दाखला मिळताच देईन’ एवढं पुरे. आणि नातं आहे तेच लिहा. चुलत आजोबांना सख्खे केलं तर पुढे दाखल्यावरचं नाव जुळत नाही, मग खरं दुःखही संशयात सापडतं.

मेल गेला, पण उत्तर नाही? दोन दिवसांनी त्याच मेलवर दोन ओळींची आठवण द्या, नवा मेल नको. सीआरकडून निरोप पाठवायला हरकत नाही, पण मंजुरी लेखी हवी. उत्तर येईपर्यंत मूळ तारीख कायम आहे असंच धरा आणि जेवढं झालंय तेवढं १० तारखेआधी अपलोड करून टाका.

एक अडचण हमखास येते. सर ‘ठीक आहे’ म्हणतात, पण गूगल क्लासरूममध्ये मुदत संपल्यावर सबमिशन बंद होण्याची सोय त्यांनी आधीच चालू केलेली असते. २० तारखेला फाइल घेऊन बसलात आणि सबमिट होत नाही, असं झालं तर घाबरू नका. फाइल त्याच मेलच्या उत्तरात पाचच्या आत पाठवा आणि सबमिशन उघडून द्यायची विनंती करा. मेलवरची वेळ तुमच्या बाजूने राहते.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर सरांच्या आधी जोडीदारांना कळवा. मुदत सगळ्या ग्रुपला हवी की फक्त तुमच्या भागाला, हे ठरल्याशिवाय मेल करू नका. सर पहिला प्रश्न तोच विचारतील.