आजीचा पहिला व्हॉइस मेसेज कसा गेला (माझा अनुभव)

आजी सदाशिव पेठेत, दादा म्युनिकला, आणि टायपिंगला तिची नजर पोचत नाही म्हणून म्हटलं व्हॉट्सॲपवर बोलून पाठव. माइक दाबून धरायचा नि बोलायचं, एवढंच. पण तिचा हात थरथरतो, त्यामुळे बोलता बोलता अंगठा डावीकडे सरकायचा आणि सगळं कॅन्सल, नाहीतर दम घ्यायला थांबली की बोट उचलायची आणि "अरे ऐकतोयस ना" एवढंच तिकडे जायचं.

मग लॉक वापरलं. माइक दाबला की बोट न उचलता लगेच वर कुलपाकडे सरकवायचं, रेकॉर्डिंग आपोआप चालू राहतं. मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवला, लॉक मी केलं, आणि आजी सुरू, "बाळा, कैऱ्या आल्यात, फोडी खारवल्यात, तू जेवलास का रे?" (तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच!) मध्येच पॉज करून पाणी प्यायली. शेवटी डावीकडे कचऱ्याचा डबा नि उजवीकडे हिरवा बाण, तो मात्र तिनेच दाबला.

दादाने ऐकलं की मेसेजवरचा माइक निळा होतो हे सांगितलं ती चूकच झाली बहुतेक, आता दर पाच मिनिटांनी "झाला का गं निळा?"